नफा तोच, वर्षे वेगळी : घसाऱ्याच्या दोन पद्धती

एकच ट्रक, एकच धंदा, एकच कमाई. तरीही पहिल्या वर्षी एका हिशेबात सव्वापाच लाखांचा नफा दिसतो आणि दुसऱ्या हिशेबात पावणेदोन लाखांहून जास्त तोटा. दोन्ही हिशेब कायद्याला धरून आहेत, दोन्हींवर सीएची सही होऊ शकते. फरक आहे तो फक्त घसारा आकारण्याच्या पद्धतीचा. लहान कंपनी चालवणाऱ्यांनी, भागीदारीत पैसे घालणाऱ्यांनी आणि दुसऱ्याचा ताळेबंद वाचून निर्णय घेणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. त्यासाठी आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरण : भाड्याने चालणारा ट्रक

समजा, कळंबोलीच्या एका खासगी मर्यादित कंपनीने १ एप्रिलला एक ट्रक घेतला. चेसिस, त्यावर बांधून घेतलेली बॉडी आणि नोंदणीचा खर्च मिळून ट्रक ३० लाखांना पडला. ही रक्कम ठरवतानाच पहिली काळजी घ्यायची असते. ट्रक रस्त्यावर आणण्यासाठी जो खर्च करावाच लागतो, तो किमतीत धरायचा. दरवर्षीचा विमा मात्र त्या त्या वर्षाच्या खर्चात जातो. खरेदीवरच्या जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल, तर ती रक्कम किमतीतून वगळायची; क्रेडिटही घ्यायचे आणि त्याच रकमेवर घसाराही आकारायचा, असे चालत नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात प्रत्येक प्रकारच्या मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य दिले आहे. भाड्याने चालणाऱ्या ट्रकसाठी ते ६ वर्षे आहे. आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत, म्हणजे अवशेष मूल्य, साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरायचे नाही. आपल्या ट्रकसाठी हे मूल्य दीड लाख होते. म्हणजे ६ वर्षांत एकूण साडेअठ्ठावीस लाख रुपये खर्चात टाकायचे आहेत. दोन्ही पद्धतींत ही बेरीज सारखीच राहते. प्रश्न एवढाच, की कोणत्या वर्षाच्या वाट्याला किती घालायचे?

सरळ रेषा पद्धतीत, म्हणजे एसएलएममध्ये, उत्तर सोपे आहे. साडेअठ्ठावीस लाखांना ६ ने भागा, दरवर्षी ४.७५ लाख. घटत्या शिलकेच्या पद्धतीत, म्हणजे डब्ल्यूडीव्हीमध्ये, एक ठरावीक टक्केवारी घ्यायची आणि ती दरवर्षी उरलेल्या पुस्तकी किमतीला लावायची. किंमत उतरत जाते, म्हणून घसाराही दरवर्षी कमी होत जातो.

ही टक्केवारी काढताना फार ठिकाणी चूक होते. सरळ रेषेचा दर १५.८३ टक्के येतो, म्हणून तोच दर उरलेल्या किमतीला लावला, तर ६ वर्षांनी पुस्तकात दीड लाख नव्हे, १०.६७ लाख शिल्लक राहतात. म्हणजे खर्चात टाकायला हवे होते त्यातले ९ लाखांहून जास्त रुपये वगळले गेले आणि ६ वर्षांचा नफा तेवढाच फुगला. योग्य दर स्प्रेडशीटमध्ये असा निघतो :

```
=1-(1.5/30)^(1/6)
```

यात 1.5 हे अवशेष मूल्य, 30 ही किंमत आणि 6 हे आयुष्य. उत्तर येते ३९.३० टक्के. आकडा बरोबर आहे का, हे तपासायचे असेल तर शेवटच्या वर्षापर्यंत हिशेब करून पाहा. शिल्लक अवशेष मूल्याला येऊन टेकली, की दर बरोबर.

सहा वर्षांचा नफा शेजारी शेजारी

डिझेल, टोल, चालकाचा पगार, विमा, व्याज असे सगळे खर्च जाऊन, पण घसारा वजा करण्यापूर्वी, हा ट्रक दरवर्षी १० लाख मिळवून देतो असे धरू. प्रत्यक्षात कमाई वर-खाली होईल. पण ती स्थिर धरली, तर दिसणारा प्रत्येक फरक घसाऱ्यामुळेच आला हे कळते. खालचे आकडे लाख रुपयांत आहेत आणि नफा करापूर्वीचा आहे.

| वर्ष | सरळ रेषा : घसारा | सरळ रेषा : नफा | घटती शिल्लक : घसारा | घटती शिल्लक : नफा |
|---|---|---|---|---|
| १ | ४.७५ | ५.२५ | ११.७९ | −१.७९ |
| २ | ४.७५ | ५.२५ | ७.१६ | २.८४ |
| ३ | ४.७५ | ५.२५ | ४.३४ | ५.६६ |
| ४ | ४.७५ | ५.२५ | २.६४ | ७.३६ |
| ५ | ४.७५ | ५.२५ | १.६० | ८.४० |
| ६ | ४.७५ | ५.२५ | ०.९७ | ९.०३ |
| एकूण | २८.५० | ३१.५० | २८.५० | ३१.५० |

शेवटची ओळ आधी पाहा. ६ वर्षांचा एकूण नफा दोन्हीकडे साडेएकतीस लाख. घसाऱ्याची पद्धत बदलून एक रुपयाही जास्त कमावता येत नाही आणि एक रुपयाही बुडत नाही. बँकेच्या खात्यातली रक्कमही तीच राहते, कारण घसाऱ्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. ट्रकचे पैसे खरेदीच्या वेळीच ठरलेले असतात. पद्धत फक्त एवढेच ठरवते, की हा नफा कोणत्या वर्षाच्या नावावर दिसेल.

आता स्तंभ वरून खाली वाचा. सरळ रेषेत नफा एकाच पातळीवर आहे. घटत्या शिलकेत पहिल्या वर्षी तोटा आहे आणि नंतर नफा चढत जातो. तिसऱ्या वर्षी दोन्ही घसारे जवळजवळ सारखे होतात आणि तिथून पुढे घटत्या शिलकेचा नफा वर निघतो. हा चढ ट्रकने जास्त भाडे मिळवल्यामुळे आलेला नाही. भाडे तेवढेच आहे. सहाव्या वर्षीचा ९.०३ लाखांचा नफा पाहून ‘धंदा वाढतोय’ असा निष्कर्ष काढणारा माणूस चुकेल. पहिल्या वर्षीचा तोटा पाहून ‘धंदा बसला’ म्हणणाराही तितकाच चुकेल.

म्हणूनच ज्याचा निर्णय एकाच वर्षाच्या नफ्यावर ठरतो, त्याला पद्धत माहीत असलीच पाहिजे. भागीदारी संस्थेत तर हा प्रश्न थेट माणसांमधला होतो. असाच ट्रक एखाद्या भागीदारीचा आहे आणि एक भागीदार दुसऱ्या वर्षाअखेर निवृत्त झाला असे धरा. सरळ रेषेने पहिल्या दोन वर्षांचा मिळून नफा साडेदहा लाख होतो. घटत्या शिलकेने तो जेमतेम १.०५ लाख. निवृत्तीच्या वेळी ट्रकचे पुनर्मूल्यांकन केले नाही, तर जाणाऱ्याच्या वाट्यातला मोठा भाग मागे राहणाऱ्यांच्या खात्यात जातो. म्हणून भागीदार येताना किंवा जाताना मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करायचे, हे करारनाम्यातच लिहून ठेवा.

ट्रक मध्येच विकला तर

दोन्ही पद्धती शेवटी एकाच ठिकाणी येतात, हे तिसऱ्या वर्षाअखेर ट्रक विकून पाहिले की पटते. समजा, १२ लाखांना विकला. सरळ रेषेत तेव्हा पुस्तकी किंमत १५.७५ लाख आहे, म्हणून विक्रीवर ३.७५ लाखांचा तोटा नोंदवावा लागतो. घटत्या शिलकेत पुस्तकी किंमत ६.७१ लाखांवर आलेली आहे, म्हणून ५.२९ लाखांचा नफा दिसतो. ट्रक तोच, गिऱ्हाईक तेच, किंमत तीच. एका पुस्तकात तोटा आणि दुसऱ्यात नफा.

पण तिन्ही वर्षांचा नफा त्यात मिळवा. सरळ रेषेत १५.७५ लाखांतून ३.७५ लाख गेले, राहिले १२ लाख. घटत्या शिलकेत ६.७१ लाखांत ५.२९ लाख मिळवले, झाले १२ लाख. तीन वर्षांत ३० लाख मिळवले, ट्रकची किंमत १८ लाखांनी उतरली, उरले १२ लाख. खरी गोष्ट एवढीच आहे. विक्रीवर दिसणारा नफा-तोटा ही आधीच्या वर्षांत जास्त किंवा कमी आकारलेल्या घसाऱ्याची दुरुस्ती असते.

यातून रोजच्या कामाला उपयोगी पडेल अशी एक खूण मिळते. तुमच्या कंपनीत जुनी वाहने किंवा यंत्रे विकताना दर वेळी तोटाच होत असेल, तर घसारा कमी आकारला जातो आहे आणि चालू वर्षांचा नफा फुगवून दाखवला जातो आहे. दर वेळी मोठा नफा होत असेल, तर उलट आहे. अशा वेळी पद्धतीसोबत आयुष्य आणि अवशेष मूल्यही तपासा. तीन वर्षांनी ट्रक विकायचा हेच तुमचे धोरण असेल, तर तुमच्यासाठी त्याचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षांचेच आहे आणि अवशेष मूल्यही दीड लाख नाही. तांत्रिक सल्ल्याचा आधार असेल आणि हिशेबाच्या टिपांमध्ये तसे नमूद केले असेल, तर परिशिष्टापेक्षा वेगळे आयुष्य आणि वेगळे अवशेष मूल्य धरता येते.

कोणती पद्धत कोणत्या मालमत्तेला

हिशेबाचे तत्त्व असे सांगते, की मालमत्तेचा फायदा ज्या गतीने वापरला जातो, त्या गतीने घसारा आकारावा. इमारत, फर्निचर, रॅक, पाइपलाइन यांचा उपयोग दरवर्षी साधारण सारखाच होतो. तिथे सरळ रेषा शोभते. वाहने, संगणक, मोबाइल फोन सुरुवातीच्या वर्षांत जास्त काम देतात आणि झपाट्याने जुने होतात. तिथे घटती शिल्लक वस्तुस्थितीच्या जवळ जाते.

घटत्या शिलकेच्या बाजूने पाठ्यपुस्तकांत आणखी एक कारण असते. मालमत्ता जुनी होईल तसा दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि घसारा कमी होतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज दरवर्षी साधारण सारखी राहते. हे आपल्या ट्रकवर घासून पाहू. वरच्या १० लाखांतून दुरुस्ती आधीच वजा झाली आहे. आता फक्त तिचा आणि घसाऱ्याचा मेळ पाहायचा आहे. टायर, क्लच, इंजिनाचे काम धरून दुरुस्ती पहिल्या वर्षी ५० हजार आणि वाढत वाढत सहाव्या वर्षी साडेतीन लाख झाली असे माना. घटत्या शिलकेत घसारा आणि दुरुस्ती मिळून पहिल्या वर्षी १२.२९ लाख होतात, सहाव्या वर्षी ४.४७ लाख. सरळ रेषेत पहिल्या वर्षी ५.२५ लाख, सहाव्या वर्षी ८.२५ लाख. बेरीज दोन्हींकडे सारखी राहत नाही. उलट घटत्या शिलकेतला उतार जास्त तीव्र आहे. कारण ५ टक्के अवशेष मूल्य आणि ६ वर्षांचे आयुष्य यांतून निघणारा दर फार चढा आहे. म्हणून पुस्तकातले कारण जसेच्या तसे न घेता स्वतःच्या दुरुस्तीच्या बिलांवर ते तपासून पाहावे.

ट्रक एकाऐवजी सहा असतील तर

आता कंपनी दरवर्षी एक नवा ट्रक घेते आणि तिच्याकडे पहिल्या ते सहाव्या वर्षापर्यंतचे सहा ट्रक आहेत, असे समजा. सरळ रेषेत वर्षाचा घसारा सहा गुणिले ४.७५, म्हणजे २८.५० लाख. घटत्या शिलकेत कोणत्याही एका वर्षी एका ट्रकचे ११.७९, दुसऱ्याचे ७.१६, तिसऱ्याचे ४.३४ अशी बेरीज होते, तीही २८.५० लाखच. ताफा स्थिर असेल, तर दोन्ही पद्धतींत नफा सारखाच दिसतो. पद्धतीचा परिणाम जाणवतो तो ताफा वाढताना किंवा खरेदी थांबताना.

धोका खरेदी थांबण्यात आहे. एखाद्या वर्षी कंपनीने नवा ट्रक घेतलाच नाही आणि जुने सहा तसेच चालवले, तर सरळ रेषेत घसारा ४.७५ लाखांनी कमी होतो, पण घटत्या शिलकेत तो एकदम ११.७९ लाखांनी कमी होतो. एका फेरीचे भाडे न वाढता नफा तेवढ्याने वर जातो. मालकाला वाटते, वर्ष उत्तम गेले. तो नफा काढून घेतो, घरासाठी किंवा जमिनीसाठी वापरतो. दोन वर्षांनी ट्रक बदलायची वेळ येते तेव्हा पैसे उरलेले नसतात.

हे ओळखायला स्थिर मालमत्तेची टीप उघडा. वर्षभरात किती रुपयांच्या नव्या मालमत्तेची भर पडली, हे आधी पाहा. मग आजवर साचलेला घसारा मूळ खरेदी किमतीच्या किती टक्के झाला आहे, ते काढा. भर नगण्य असेल, ही टक्केवारी चढत असेल आणि नफाही वाढत असेल, तर ती वाढ बहुतेक घसारा घटल्याची आहे. कंपनी विकत घेण्यापूर्वी किंवा तिला कर्ज देण्यापूर्वी ही तपासणी चुकवू नका.

आयकराचे गणित वेगळे चालते

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. ‘घटती शिल्लक घेतली की कर वाचतो’ हे वाक्य अनेक कार्यालयांत ऐकू येते. आयकराच्या हिशेबात पुस्तकातला घसारा बाजूला ठेवून आयकराच्या नियमांनी तो नव्याने काढला जातो. तिथे घटत्या शिलकेचीच पद्धत चालते. सरळ रेषेचा पर्याय वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांपुरता आहे. एकाच दराच्या मालमत्तांचा एक गट केला जातो. भाड्याने चालणाऱ्या ट्रकसाठी दर ३० टक्के आहे, आणि खरेदीच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा.

आपल्या ट्रकला आयकरात पहिल्या वर्षी ९ लाखांचा घसारा मिळेल आणि करपात्र नफा १ लाख येईल. पुस्तकात तुम्ही कोणतीही पद्धत वापरा, हा आकडा बदलत नाही. घटती शिल्लक वापरणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात १.७९ लाखांचा तोटा आहे, तरीही तिला १ लाखावर कर भरावा लागेल. मालकाला याचा धक्का बसतो, म्हणून हे आधीच माहीत असावे.

सरळ रेषा वापरणाऱ्या कंपनीची स्थिती उलटी आहे. पुस्तकात नफा ५.२५ लाख, कर मात्र १ लाखावर. उरलेल्या ४.२५ लाखांवरचा कर माफ झालेला नाही, तो पुढे ढकलला गेला आहे. २५ टक्के दराने ही रक्कम सुमारे १ लाख ६ हजार होते आणि ती डिफर्ड टॅक्स म्हणून ताळेबंदात दाखवावी लागते. दुसऱ्या वर्षीही आयकराचा घसारा पुस्तकातल्यापेक्षा जास्त आहे. तिसऱ्या वर्षी तो ४.४१ लाखांवर, म्हणजे ४.७५ लाखांच्या खाली येतो आणि पुढे ढकललेला कर भरायची पाळी सुरू होते. ही तरतूद न करता पहिल्या वर्षीचा सगळा नफा वाटून टाकला, तर पुढच्या वर्षांत अडचण येते. पुस्तकी नफ्यावर किमान कर, म्हणजे मॅट, ज्या कंपनीला लागू आहे, तिथे मात्र पुस्तकातली पद्धत कराच्या रकमेलाही हात लावू शकते. अशा कंपनीने सीएशी बोलूनच ठरवावे.

पद्धत बदलायची असेल तर

बँकेला चांगला नफा दाखवायचा आहे, म्हणून पद्धत बदलता येत नाही. मालमत्तेचा फायदा ज्या गतीने वापरला जातो ती गती बदलली असेल, तरच बदल योग्य ठरतो. कंपन्यांसाठी २०१६ पासून लागू झालेल्या सुधारित लेखा मानक १० नुसार असा बदल अंदाजातला बदल मानला जातो, आणि त्याचा परिणाम फक्त चालू व पुढच्या वर्षांवर होतो.

आपली कंपनी दोन वर्षांनंतर घटत्या शिलकेवरून सरळ रेषेवर आली असे पाहू. तेव्हा पुस्तकी किंमत ११.०५ लाख आहे. त्यातून दीड लाख वजा करा, उरलेल्या ४ वर्षांनी भागा, दरवर्षी २.३९ लाख. तिसऱ्या वर्षी ४.३४ लाखांऐवजी २.३९ लाख घसारा गेल्याने नफा १.९५ लाखांनी वाढलेला दिसेल. मागची दोन वर्षे उघडून ९.४५ लाखांचा जुना फरक एकाच वर्षाच्या नफ्यात घेणे आधीच्या नियमांत शक्य होते. आता ते करता येत नाही. बदल, त्याचे कारण आणि नफ्यावर झालेला परिणाम टिपांमध्ये लिहावा लागतो. दुसऱ्याचा ताळेबंद वाचत असाल, तर ही टीप शोधा आणि तेवढी रक्कम नफ्यातून वजा करूनच मागच्या वर्षाशी तुलना करा.

एकाच व्यवसायातल्या दोन कंपन्यांची तुलना करतानाही हेच करावे. दोघींचा घसारा बाजूला ठेवून आधी घसाऱ्यापूर्वीचा नफा पाहा. मग दोघींच्या मालमत्तेला एकच पद्धत आणि एकच आयुष्य लावून घसारा पुन्हा काढा. वरच्या तक्त्याइतकेच ते काम आहे. ते केल्यावर उरणारा फरक खरोखर धंद्यातला असतो, आणि निर्णय त्यावरच घ्यावा.